आयतालेख, चतुर्थके आणि लाल शाईची रेघ

आलेख-कागद, टोक केलेली पेन्सिल, सहा इंची पट्टी आणि खोडरबर एवढ्या साहित्यावर शालेय संख्याशास्त्राच्या कृतिपत्रिका पिढ्यान् पिढ्या सोडवल्या गेल्या. या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेकांना त्या कागदावरचे स्तंभ आठवत असतील आणि त्यांवर शिक्षकांनी ओढलेली लाल रेघही. ती रेघ कधी योग्य होती, कधी अयोग्य. पण ती कशाच्या आधाराने ओढली जाते याचा विचार सहसा होत नाही. वर्गांतर चुकले की चतुर्थक चुकले, असे म्हणण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी शाळेत कोठून आल्या हे पाहिले, तर तपासणीतील बराच गोंधळ दूर होतो. कारण येथे काही चुका खऱ्या चुका असतात, तर काही केवळ दोन परंपरांमधला फरक असतो.

प्रथम आयतालेख. इंग्रजीतील ‘हिस्टोग्राम’ हा शब्द कार्ल पिअर्सन यांनी रूढ केला. १८९५ च्या शोधनिबंधात तो छापून आला. तेव्हा पिअर्सन यांनी स्पष्ट केले की, आलेखाचा प्रकार आधीपासून प्रचलित होता, त्याला हे नाव मात्र आपण आपल्या व्याख्यानांतून दिले. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी ‘आयतालेख’ हा शब्द स्वीकारला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माध्यमाच्या मुलांना त्याच आकृतीसाठी हिंदी पुस्तकात ‘आयतचित्र’ भेटते. मराठीतला ‘मध्यक’ हिंदीत ‘माध्यक’ होतो आणि ‘मध्य’ होतो ‘माध्य’. एका मात्रेच्या किंवा काना-वेलांटीच्या फरकाने मुलाने सरासरीऐवजी मधले मूल्य काढले, तर ती गणिताची चूक नसून भाषेची असते. तपासणाऱ्याने ती ओळखावी लागते.

‘आयतालेख’ या मराठी नावात आकृतीचा गाभा नेमका आला आहे. येथे वारंवारता दाखवते ते आयताचे क्षेत्रफळ, केवळ उंची नव्हे. सर्व वर्ग सारख्या रुंदीचे असतील तोवर हा भेद लपून राहतो. वर्ग असमान झाले की तो उघड होतो. समजा, चाळीस मुलांना शाळेत पोहोचायला लागणारी मिनिटे नोंदवली. ० ते १० या वर्गात ६ मुले, १० ते २० मध्ये १२, २० ते ३० मध्ये १० आणि ३० ते ६० या लांबरुंद वर्गात १२ मुले आली. विद्यार्थी बहुधा शेवटच्या वर्गावर १२ उंचीचा स्तंभ उभा करतो. तो वर्ग इतरांच्या तिप्पट रुंद असल्यामुळे चाळीसांपैकी बारा, म्हणजे तीस टक्के मुले आकृतीचे सुमारे छप्पन्न टक्के क्षेत्र व्यापून बसतात. पाहणाऱ्याला वाटते की निम्म्याहून अधिक मुले दूरवरून येतात. बरोबर उंची १२ भागिले ३, म्हणजे ४ आहे, आणि उभ्या अक्षावर ‘दर दहा मिनिटांमागे विद्यार्थी’ असे लिहिले पाहिजे. ही चूक परंपरेची नाही. येथे लाल रेघ हवीच.

दुसरी जागा वर्गमर्यादांची. असमावेशक पद्धतीत २० ही नोंद १० ते २० मध्ये जात नाही. ती २० ते ३० मध्ये जाते. ताळ्याच्या खुणा करताना मूल हे विसरले की त्याची निशाणी ठरलेली असते: एकूण बेरीज अचूक येते, पण शेजारच्या दोन वर्गांपैकी एकात एक जास्त आणि दुसऱ्यात तितकीच कमी. बेरीजच चुकली असेल, तर नोंद गळली आहे किंवा दोनदा मोजली आहे. त्यामुळे तपासणाऱ्याने आधी बेरीज पाहावी आणि मग शेजारचे वर्ग. उत्तरसूचीशी स्तंभ ताडून पाहण्यापेक्षा हा मार्ग लवकरचा आहे, आणि विद्यार्थ्याला नेमके काय चुकले तेही सांगता येते.

समावेशक वर्गांची, म्हणजे १० ते १४, १५ ते १९ अशांची, गोष्ट जरा निराळी आहे. स्तंभांमध्ये फट राहू नये म्हणून ते सलग करावे लागतात, आणि मुले खालच्या मर्यादेतून अर्धा वजा करून वरच्या मर्यादेत अर्धा मिळवण्याचा नियम पाठ करतात. जवळच्या पूर्णांकात मांडलेल्या मापांना तो नियम बरोबर लागू पडतो. उंची १४ सेंटिमीटर नोंदवली असेल, तर ती प्रत्यक्षात १३.५ ते १४.५ यांच्या दरम्यान असते. पण वय आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. चौदा वर्षांचा मुलगा पंधरावा वाढदिवस येईपर्यंत चौदाच वर्षांचा असतो. म्हणून वयाचा १० ते १४ हा वर्ग ९.५ ते १४.५ असा नसून १० पासून १५ पर्यंत पसरतो. एखाद्या विद्यार्थ्याने वयाच्या कृतिपत्रिकेत स्तंभ १५ वर संपवला आणि उत्तरसूचीत १४.५ छापले असेल, तर गुण कापण्यापूर्वी नोंद कशाची आहे ते पाहिले पाहिजे. तेथे मूल बरोबर आणि सूची चूक असण्याचा संभव असतो.

आता चतुर्थके. या कल्पनेला फ्रान्सिस गॉल्टन यांनी चालना दिली. १८७५ मध्ये त्यांनी एक साधी रीत मांडली होती: माणसे किंवा वस्तू लहान-मोठ्या क्रमाने ओळीत उभ्या कराव्यात, मधला निवडावा, आणि ओळीच्या पाव व पाऊण अंतरावरचे आणखी दोन निवडावेत. मोजपट्टी नसतानाही समूहाचे वर्णन करता यावे, हा त्यामागचा हेतू होता. ओळ हजारोंची असेल तर पाव अंतर म्हणजे नेमका कोण, याने फारसा फरक पडत नाही. वर्गातल्या कृतिपत्रिकेत मात्र अकराच नोंदी असतात, आणि तेथे त्या फरकाने गुण जातात.

बॉक्स प्लॉट, म्हणजे पेटी-आलेख, त्यानंतर बऱ्याच काळाने आला. मेरी एलिनॉर स्पिअर यांनी १९५२ च्या पुस्तकात चतुर्थके दाखवणारी पट्टी वापरली होती. आजच्या रूपात तो सर्वदूर पोहोचवला जॉन ट्युकी यांनी, १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सप्लोरेटरी डेटा अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथाद्वारे. तो ग्रंथ कागद-पेन्सिलीने करायच्या पद्धतींचा आहे. त्यामुळे ट्युकी यांनी चतुर्थकांचीही हाताने चटकन मोजता येईल अशी रीत निवडली. मध्यक काढून नोंदींचे दोन भाग करायचे, नोंदी विषम असतील तर मध्यक दोन्ही भागांत धरायचा, आणि प्रत्येक भागाचा पुन्हा मध्यक घ्यायचा. या बिंदूंना त्यांनी चतुर्थक न म्हणता ‘हिंज’, म्हणजे बिजागऱ्या, असे नाव दिले.

आपल्याकडे अर्थशास्त्र व वाणिज्य विषयांतून शिकवले जाणारे सूत्र याहून भिन्न आहे. त्यात पहिले चतुर्थक म्हणजे (n+1)/4 क्रमांकाची नोंद. आता अकरा विद्यार्थ्यांची मिनिटे चढत्या क्रमाने घ्या: १२, १५, १८, २२, २३, २४, ३१, ३४, ३६, ४१, ६०. मध्यक दोन्ही रीतींनी सहावी नोंद, २४. सूत्रानुसार पहिले चतुर्थक तिसरी नोंद, १८. आणि तिसरे चतुर्थक नववी नोंद, ३६. ट्युकींच्या रीतीने खालच्या भागात सहा नोंदी येतात. त्यांचा मध्यक १८ आणि २२ यांची सरासरी, म्हणजे २०. वरच्या भागाचा मध्यक ३४ आणि ३६ यांच्यामध्ये, म्हणजे ३५. एकाच माहितीची दोन उत्तरे आली आणि दोन्ही रीती मान्य आहेत.

हा फरक पेटीच्या कडांपुरता राहत नाही. पेटीच्या रुंदीच्या दीडपटीहून अधिक दूर पडलेली नोंद वेगळी मानून ठिपक्याने दाखवायची, असा प्रघात आहे. सूत्राने पेटी १८ रुंद होते, दीडपट २७, म्हणून वरची हद्द ३६ अधिक २७, म्हणजे ६३. साठ मिनिटे चालत येणारे मूल हद्दीच्या आत राहते आणि आलेखाची मिशी त्याच्यापर्यंत जाते. बिजागरीच्या रीतीने पेटी १५ रुंद, दीडपट २२.५ आणि हद्द ५७.५. आता तेच मूल हद्दीबाहेर पडते. मिशी ४१ वर थांबते आणि ६० वर एकटा ठिपका उरतो. शेजारी बसलेल्या दोन मुलींनी अशा दोन आकृत्या काढल्या आणि एकीवर फुली पडली, तर तिने काय चूक केली हे तिला कधीच कळणार नाही. कारण तिने चूक केलेलीच नसते.

हा गोंधळ केवळ शाळेचा नाही. १९९६ मध्ये हाइंडमन आणि फॅन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी संगणक-प्रणालींमध्ये वापरात असलेल्या अशा नऊ व्याख्यांची तुलना केली. एक्सेलमध्ये वरच्या अकरा नोंदींवर QUARTILE.EXC वापरले तर १८ मिळतात आणि QUARTILE.INC वापरले तर २०. घरी उत्तर पडताळणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

यातून तपासणीची रीत आपोआप ठरते. चतुर्थकाचे गुण तीन पायऱ्यांत विभागावेत: नोंदी क्रमाने लावणे, स्थान ठरवणे, त्या स्थानावरचे मूल्य वाचणे. पहिले चतुर्थक ३ लिहिलेले आढळले, तर मुलाने स्थानालाच मूल्य समजले आहे. सर्वांत लहान नोंद १२ असताना ३ येऊच शकत नाही. नोंदी क्रमाने न लावता मोजले असेल, तर उत्तर मूळ यादीतल्या तिसऱ्या नोंदीशी जुळते. चुकीच्या चतुर्थकावरून पुढची पेटी अचूक काढली असेल, तर गुण एकदाच कापावेत.

आकृतीसाठी एक सेंटिमीटरला पाच मिनिटे हे प्रमाण घेतले तर एक मिलिमीटरचा लहान चौकोन अर्ध्या मिनिटाचा होतो. एका लहान चौकोनाची चूक हाताची मानून सोडून द्यावी. मध्यकाची रेघ मात्र जपून पाहावी. अनेक मुले ती सवयीने पेटीच्या बरोबर मध्ये ओढतात. वरच्या उदाहरणात सूत्राच्या पेटीचा मध्य २७ वर आणि मध्यक २४ वर आहे. कागदावर ही तफावत सहा मिलिमीटरची. एवढी चूक थरथरत्या हाताची नसते.

आणि सर्वांत आधी, कृतिपत्रिकेच्या माथ्यावर एक ओळ असावी: चतुर्थके कोणत्या रीतीने काढायची, वर्ग समावेशक की असमावेशक, आणि नोंदी जवळच्या पूर्णांकातल्या की पूर्ण झालेल्या. ही ओळ नसेल तर विद्यार्थ्याने आपली रीत लिहून तिला धरून काढलेले उत्तर पूर्ण गुणांचे मानावे. लाल शाईची रेघ मग तेथेच पडेल, जेथे आयताने क्षेत्रफळ खोटे दाखवले किंवा ओळीतला भलताच गडी पुढे काढला गेला.