एकाच बाजूने उघडणारा शब्दकोश

मंडळी, फोनच्या स्टोअरमध्ये जाऊन sign language एवढंच टाईप करून बघा. ढिगाने ॲप्स येतात. रंगीत, चकचकीत, रोज पाच मिनिटांचा धडा, वर बक्षीस म्हणून चांदण्या. घरात कर्णबधिर मूल आहे, आपल्याला त्याच्याशी बोलायचंय, म्हणून आई-बाप त्यातलं सगळ्यात छान दिसणारं ॲप घेतात आणि आजी-आजोबांसकट सगळं घर कामाला लागतं. फक्त एक गडबड असते. त्यातली बरीचशी ॲप्स अमेरिकन खुणांची असतात आणि मूल शाळेत शिकत असतं भारतीय खुणा. दोन्ही वेगवेगळ्या भाषा आहेत, मराठी आणि फ्रेंच असाव्यात तितक्या.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो. ॲपमधली इंग्रजी मुळाक्षरं उघडा आणि A, B, M बघा. अमेरिकन पद्धतीत सगळी अक्षरं एकाच हाताने होतात. आपल्याकडच्या पद्धतीत बहुतेक अक्षरांना दोन्ही हात लागतात (C, O, V सारखी काही थोडी एका हाताची). A ला एकच हात दिसला तर ते ॲप गुपचूप काढून टाकायचं. ही परीक्षा मी माझ्या मामेबहिणीला शिकवली. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ती इथेच डोंबिवलीत पूर्वेला राहते. तिचा पुढचा प्रश्न साहजिक होता. "दादा, मग आपल्या खुणांचं ॲप कुठलं? आणि ते इतकं उशिरा का आलं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधण्यात माझे दोन वीकेंड गेले.

सुरुवात करावी लागते इटलीपासून. १८८० साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी आणि त्यात स्वतः बधिर असलेला माणूस फक्त एक! ठराव असा झाला की मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावं, वर्गात खुणा नकोत. पुढची शंभर वर्षं जगभरच्या शाळांवर ह्या ठरावाची सावली राहिली. (तो रीतसर मागे घ्यायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत.) आपल्याकडे भारतातली पहिली बधिरांची शाळा मुंबईत निघाली, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने, तीही ह्याच १८८० च्या दशकात. म्हणजे आपल्या शाळांचा जन्मच त्या ठरावाच्या काळातला. पुढे देशभर शाळा वाढल्या, पण वर्गात भर वाणीवर. खुणा चालायच्या मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, बसस्टॉपवर. मोठी मुलं लहानांना शिकवत. म्हणजे भाषा होती, ती रोज बोलली जात होती, फक्त ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती.

ती लिहून ठेवायचं काम सुरू केलं मदन वसिष्ठ यांनी. ते मूळचे हिमाचलमधले. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली आणि १९६७ साली ते अमेरिकेत गॅलॉडेट ह्या बधिरांच्या कॉलेजात शिकायला गेले. भारतात बधिरांची अशी भाषाच नाही, प्रत्येक जण आपापले हातवारे करतो, हा त्या वेळचा सर्वसाधारण समज होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर ह्या चार शहरांतल्या बधिर माणसांच्या खुणा गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. सुमारे ७५ टक्के खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. चार शहरांतल्या शाळांनी न शिकवलेली भाषा चारही शहरांत बऱ्यापैकी सारखी! १९८० मध्ये दिल्लीच्या खुणांचं पुस्तक आलं आणि त्याच दशकात बाकीच्या शहरांची, आपल्या मुंबईचंसुद्धा.

त्यानंतरची वाट थोडक्यात सांगतो. १९८३ मध्ये वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि २००१ साली तिथे भारतीय खुणांच्या भाषेचा स्वतंत्र विभाग निघून तिचे वर्ग सुरू झाले. २०१५ मध्ये दिल्लीत सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांच्या व्हिडिओ शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०१९ ला ६,००० झाले, २०२१ ला १०,०००. आणि २३ सप्टेंबर २०२२ ला, जागतिक खुणांच्या भाषेच्या दिवशी, तोच कोश ॲप म्हणून फोनवर आला. नाव Sign Learn. हे बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

आता इथून पुढे गाडी माझ्या प्रांतात येते, कारण ॲप म्हणजे शेवटी काय? डेटा आणि तो शोधायची किल्ली. ह्या डेटाची किल्ली आहे शब्द. सुरुवातीला हिंदी किंवा इंग्रजी शब्द टाकायचा आणि खुणेचा व्हिडिओ बघायचा अशी सोय होती. मराठी घराला मी म्हणेन हिंदीतून शोधा. इंग्रजीत अंकलमध्ये काका आणि मामा दोघे जाऊन बसतात, हिंदीत चाचा वेगळा आणि मामा वेगळा. आत्याला बुआ, वहिनीला भाभी. नात्यांच्या बाबतीत हिंदी आपल्याच घरातली.

पण नुसत्या शब्दांवर वाक्य होत नाही. बहिणीला विचारायचं होतं, "तुझा डबा कुठे आहे?" तिने चार शब्द शोधले, चार खुणा मराठीच्या क्रमाने केल्या, आणि पोरगं तोंडाकडे बघत राहिलं. भारतीय खुणांच्या भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी जातो. 'कुठे' म्हणजे 'जागा' आणि 'काय' ह्यांची जोडी. 'आहे'ला वेगळी खूण लागत नाही. म्हणजे झालं तुझा, डबा, जागा-काय. 'कोण'मध्ये चेहरा-काय, 'कधी'मध्ये वेळ-काय. एकदा हे कळलं की एका 'काय'वर अर्धे प्रश्न सुटतात! आणि हो-नाहीचा प्रश्न असेल ("जेवलास का?") तर आपला 'का' हातात नसतोच, तो भुवयांत असतो. भुवया वर, डोकं किंचित पुढे. भुवया हलवल्या नाहीत तर मुलाला वाटतं आई सांगतेय की तू जेवलास. नकार मात्र आपल्याला फुकटात मिळतो, कारण मराठीसारखाच तो शेवटी येतो. भात नको. येत नाही. तिथे क्रम बदलावा लागत नाही.

हे सगळं शब्दकोशात का नाही? कारण तो शब्दकोश आहे. भाषाच नाही म्हणणाऱ्यांच्या देशात आधी शब्द जमवून दाखवणं भाग होतं, त्यामुळे शब्दांची मोजणी झाली. व्याकरणावरचं काम झालं ते संशोधकांच्या पुस्तकांत. १९९० च्या दशकात उलरिके झेशान ह्या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी भारत-पाकिस्तानात फिरून ते केलं. घरातल्या आईपर्यंत ते पोचतं वर्गातून किंवा बधिर माणसाच्या ओळखीतून. फोनमधून फारसं नाही.

आणि खरी अडचण तर दुसऱ्याच बाजूला आहे. एका संध्याकाळी भाचा शाळेतून आला तो रागावलेला. गालावर बोट टेकवून फिरवायचा, मग हात लांब न्यायचा, परत गाल. दहा वेळा तरी. बहीण ॲप घेऊन बसली. गोड? दात? दुखतंय? एकेक शब्द टाकून व्हिडिओ बघायची, त्याला दाखवायची, तो मान हलवायचा. शेवटी त्याने फोनच ढकलून दिला.

शब्दावरून खूण सापडते. खुणेवरून शब्द सापडत नाही. आईला मुलाशी बोलायला हा कोश उपयोगी, मूल काय म्हणतंय ते कळायला नाही. डेटाबेसवाल्या मंडळींना हे लगेच पटेल, इंडेक्स एकाच कॉलमवर आहे.

गंमत म्हणजे हा दुसरा इंडेक्स १९६५ साली तयार झाला होता. विल्यम स्टोकी नावाचे गृहस्थ १९५५ मध्ये त्याच गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले. खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रं नसून त्यांचेही सुटे भाग पडतात, हे त्यांनी दाखवलं. खूण कुठल्या जागी होते, हाताचा आकार काय, हालचाल कोणती. अमेरिकन खुणांसाठी त्यांनी १२ जागा, १९ आकार आणि २४ हालचाली मोजल्या. एकूण ५५ चिन्हांत अख्खी भाषा लिहिता येते! त्यांच्या आणि दोन सहकाऱ्यांच्या १९६५ च्या शब्दकोशात इंग्रजी शब्दांचा क्रम नाहीच. आधी जागा, मग आकार, मग हालचाल. समोरच्याची खूण बघायची आणि पान काढायचं.

हे वाचल्यावर मी आणि बहिणीने एक साधं काम केलं. तिच्या फोनमध्ये फोल्डर केले. कपाळ, डोळे-नाक, गाल, हनुवटी, छाती, नुसते हात. मुलाने न कळणारी खूण केली की त्याला विचारून पाच सेकंदांची क्लिप घ्यायची, जागेप्रमाणे टाकायची आणि शाळेतल्या बाईंना पाठवायची. उत्तर आलं की तोच अर्थ फाईलचं नाव. दोन पथ्यं आहेत. मुलाचा चेहरा क्लिपमध्ये आलाच पाहिजे, कारण भुवया. आणि शाळेची खूण ॲपपेक्षा वेगळी निघाली तर शाळेची घ्यायची. शहराशहरांत फरक आहे हे ७५ टक्क्यांतच दिसतं, आणि मुलाला बोलायचंय ते शाळेतल्या मित्रांशी.

गालाच्या त्या क्लिपचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती कुठल्याच कोशात मिळाली नसती. बधिर माणसं एकमेकांना खुणेची नावं देतात, दिसण्यावरून किंवा सवयीवरून. गालावर फिरणारं बोट म्हणजे खळी. खळी पडणारा त्याचा बाकावरचा मित्र शाळा सोडून गावी गेला होता, आणि हात लांब न्यायचा त्याचा अर्थ तेवढाच होता. बहिणीने त्या संध्याकाळी तिला येत असलेल्या खुणांत त्याला विचारलं. खळी, गाव, जागा-काय? तो पाऊण तास सांगत होता. त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही, अकरा क्लिप्स झाल्या.