काव्यातील शब्दपातळी : तत्सम आणि बोलीतले शब्द

मराठी कवितेत संस्कृतातून जसेच्या तसे आलेले (तत्सम) शब्द घ्यावेत की रोजच्या बोलण्यातले, हा निर्णय कवितेचा सूर आणि तिचे वृत्त असे दोघे मिळून करतात. सूर काय मागतो ते कवीला सहसा कळते. वृत्त मात्र मागल्या दाराने शब्द आत आणते.

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीचे उदाहरण घेऊ. इथला माणूस ‘कारखान्यात’ जात नाही, ‘कंपनीत’ जातो. त्याची ‘शिफ्ट’ असते, ‘रात्रपाळी’ असते, ‘जॉब’ मशीनवर चढतो. शेजारी देहू आणि आळंदी, म्हणजे अभंग आणि ओवी कानावर पडलेल्या. अशा ठिकाणच्या रात्रपाळीवर कविता लिहायची तर ती कोणत्या शब्दांत?

या नोंदीपुरती रचलेली मंदाक्रांतेची एक ओळ पाहा : ‘यंत्रे सारी, धडधडत ती, चालती रात्रपाळी’. मंदाक्रांतेत सतरा अक्षरे. आधी चार गुरू, मग सलग पाच लघू, आणि पुढे गुरू-लघूंचा ठरलेला क्रम. ते पाच लघू हीच खरी अडचण. बोलीतली बरीच नामे ‘आ’ नाहीतर ‘ई’वर संपतात, म्हणजे गुरूवर, ‘डोळा’, ‘पाणी’, ‘गाडी’ तिथे बसत नाहीत. ‘नवजलद’सारखा समास मात्र अलगद बसतो. अशा वृत्तांत रमणाऱ्या पंडित कवींची भाषा संस्कृतप्रचुर झाली, त्याचे एक कारण हेही आहे. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात रचणारे मोरोपंत याच परंपरेतले.

वरच्या ओळीत ‘धडधडत’ने पाच लघूंची जागा भरली, कारण मराठीतले नादानुकारी शब्द लघूंनी भरलेले असतात. म्हणून ओळ बोलीतली झाली का? नाही. ‘चालती’ असे कोणी बोलत नाही, ‘चालतात’ म्हणतात. ‘रात्रपाळीला’ मधला प्रत्यय गळाला आणि ‘ती’ केवळ जागा भरायला आली. शब्द रहाटणीचे, व्याकरण मात्र पोथीतले. सूर बिघडल्याची खूण बहुधा नामात नसून क्रियापदात आणि प्रत्ययात सापडते. वाचणारा तिथेच अडखळतो.

आता तोच विषय मोठ्या अभंगात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोजणीत : ‘मशीन धडाडे, रात्रपाळी सारी, ओल्या अंगावरी, घाम वाळे’. अभंगात फक्त अक्षरे मोजतात, लघू-गुरू पाहत नाहीत. म्हणून ‘मशीन’ विनासायास आत येते. ‘अंगावरी’तला ‘वरी’ आज कोणी बोलत नाही, पण संतांच्या अभंगांनी तो कानाला सवयीचा केला आहे. अभंगात तो खपतो, मुक्तछंदात खटकेल.

‘घाम’च्या जागी ‘स्वेद’ घालून पाहा. दोन्ही दोन अक्षरांचे, दोन्ही तीन मात्रांचे. मोजणीत काही हलत नाही, म्हणजे इथे वृत्ताची सबब उरत नाही. ‘ओल्या अंगावरी स्वेद वाळे’ म्हटले की मशीनजवळचा माणूस जातो आणि त्याच्याकडे लांबून पाहणारा वक्ता उभा राहतो. कवीला तो वक्ताच दाखवायचा असेल, समजा सत्काराच्या भाषणाची टर उडवायची असेल, तर ‘स्वेद’ अचूक. एरवी ती चूकच. ‘झाड’ आणि ‘वृक्ष’, ‘हात’ आणि ‘हस्त’ याही जोड्या वजनाला सारख्या आहेत आणि त्यांच्यावर हीच परीक्षा करता येते.

तत्सम म्हणजे भारदस्त, असे समीकरण मात्र मांडू नये. वरच्या अभंगातले ‘अंग’ संस्कृतच आहे; ‘सूर्य’, ‘दिवस’, ‘पाप’सुद्धा. हे शब्द घराघरांत रुळले म्हणून त्यांचा उंचपणा गेला. शब्दाचे कूळ पाहण्यापेक्षा तो आज कोणाच्या तोंडी आहे हे पाहणे कामाचे.

दोन पातळ्या मुद्दाम एकत्र आणण्याची वाटही मराठीत रुळलेली आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात यंत्रयुगातल्या शहराचे शब्द संतांच्या छंदात बसवले. विसंगती हाच तिथला हेतू. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्वे यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२). कामगाराच्या ‘मी’ला तिथे थेट ‘ब्रह्म’ जोडलेले आहे आणि शब्द उंच असूनही तो उसना वाटत नाही, कारण ‘ऐसा गा’ हा संतांचा घरगुती सूर त्याला खाली उतरवतो.

रहाटणीच्या रात्रपाळीला म्हणूनच मंदाक्रांतेपेक्षा अभंग किंवा मुक्तछंद जवळचा. मंदाक्रांतेचाच हट्ट असेल तर कवीने ‘चालती’सारखी क्रियापदे आधी तपासावीत, नामे नंतर.