पाच वर्षं, दरवर्षी हजार पौंड

इंग्लंडमध्ये कोळसा ज्याच्या जमिनीखाली असे तो जमीनमालक वेगळा आणि खाण चालवणारा पट्टेदार वेगळा, अशी रीत 1942 पर्यंत चालली. 1938 च्या कोळसा कायद्याने कोळशाची मालकी सरकारी आयोगाकडे आली आणि 1 जुलै 1942 रोजी प्रत्यक्ष हस्तांतर झालं. त्याआधीच्या पट्ट्यांचा हिशेब समजून घ्यायला एक चांगला आधार उपलब्ध आहे. 1889 मध्ये नेमलेल्या खाण-रॉयल्टी आयोगाने या व्यवस्थेची चौकशी केली आणि 1893 मध्ये अंतिम अहवाल दिला. या आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड नॉर्थब्रुक हे 1872 ते 1876 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते.

कागद वाचताना पहिली अडचण येते ती नावांची. खाण चालो वा न चालो, दरवर्षी द्यावं लागणारं जे किमान भाडं, त्याला कुठे 'डेड रेंट', डरहॅमकडे 'सर्टन रेंट' आणि स्कॉटलंडमध्ये 'फिक्स्ड रेंट' म्हणत. स्कॉटलंडमध्ये टनामागच्या रॉयल्टीला 'लॉर्डशिप' असं नाव होतं. वस्तू मात्र त्याच दोन. पट्टेदाराने जमीन अडवून ठेवून कोळसाच काढला नाही, तर मालकाच्या हाती काही येणार नाही, म्हणून किमान भाडं. ते भरूनही कोळसा कमी निघाला, तर न निघालेल्या कोळशाची रॉयल्टी आधीच भरली गेली. किमान भाडं आणि रॉयल्टी यांतली ही जी तफावत, तीच शॉर्टवर्किंग. तो कोळसा अजून जमिनीखालीच आहे. उद्या तो काढल्यावर त्यावर पुन्हा पूर्ण रॉयल्टी घेतली, तर मालकाला एकाच कोळशाचे पैसे दोनदा मिळतील. म्हणून जास्त उत्पादनाच्या वर्षी ही तफावत वळती करून घेण्याची मुभा पट्ट्यात दिली जाई. यालाच रिकूपमेंट म्हणतात.

आता एक सराव करू. आकडे मी मांडलेले आहेत, पण पद्धत खऱ्या कागदांना लागू पडेल अशीच आहे. समजा, पट्टा हरवला आहे आणि मालकाच्या कारभाऱ्याची भाडेवही तेवढी हाती आली आहे. तिच्यात सलग पाच वर्षं एकच नोंद दिसते: खाणीकडून 1,000 पौंड जमा. या वहीवरून खाण कशी चालली होती?

पटकन उत्तर सुचतं की खाण बंद होती किंवा जेमतेम चालत होती. हे उत्तर चुकीचं ठरू शकतं. भाडेवहीत रोकड दिसते, उत्पादन दिसत नाही. उत्पादनासाठी पट्टेदाराची खतावणी पाहावी लागते.

ती सापडली असं धरू. रॉयल्टीचा दर टनामागे 6 पेन्स, म्हणजे 40 टनांना एक पौंड. हजार पौंड फिटायला वर्षाला 40,000 टन कोळसा निघायला हवा. पहिल्या वर्षी 12,000 टन निघाला: रॉयल्टी 300 पौंड, शॉर्टवर्किंग 700. दुसऱ्या वर्षी 28,000 टन: रॉयल्टी 700, शॉर्टवर्किंग 300. तिसऱ्या वर्षी 46,000 टनांवर 1,150, चौथ्या वर्षी 60,000 टनांवर 1,500 आणि पाचव्या वर्षी 52,000 टनांवर 1,300 पौंड. खाण तर जोरात चालली होती, तरीही मालकाला दरवर्षी हजारच मिळाले.

पहिल्या वर्षीच्या किर्दीत रॉयल्टी खाते 300 ने नावे, शॉर्टवर्किंग खाते 700 ने नावे आणि मालकाचे खाते 1,000 ने जमा. उत्पादन खात्याला त्या वर्षी फक्त 300 जातात, कारण तेवढ्याच कोळशाचा तो खर्च आहे. विद्यार्थी इथे बहुतेकदा हजारच्या हजार खर्चात घालतात. 700 हा पुढे वळता करायचा हक्क आहे, म्हणून तो ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला उभा राहतो.

तिसऱ्या वर्षी रॉयल्टी खाते 1,150 ने नावे आणि मालकाचे खाते तितक्याच रकमेने जमा. मग मालकाच्या खात्याला नावे टाकून 150 शॉर्टवर्किंग खात्याला जमा करायचे आणि उरलेले 1,000 रोख द्यायचे. किमान भाड्याखाली रोकड जाऊ शकत नाही, म्हणून त्या वर्षीच्या जादा रॉयल्टीपेक्षा अधिक रक्कम वळती होत नाही. चौथ्या वर्षी याच रीतीने 500 वळते झाले.

चौथ्या वर्षअखेरीस शॉर्टवर्किंग खात्यातून आणखी 50 पौंड नफा-तोटा खात्याला गेलेले दिसतात. हरवलेला पट्टा या एका नोंदीतून बोलू लागतो. पहिल्या वर्षीच्या 700 पैकी 150 आणि 500 वळते झाले, 50 उरले आणि ते बुडाले. म्हणजे प्रत्येक वर्षाची तफावत पुढच्या तीन वर्षांतच वळती करता येत होती, आणि जुनी तफावत आधी वळती केली जात होती. दुसऱ्या वर्षीच्या 300 ची मुदत पाचव्या वर्षापर्यंत होती, आणि त्या वर्षीची जादा रॉयल्टीही नेमकी 300 असल्याने ते सगळे वळते झाले. एखाद्या वहीत हेच 50 पाचव्या वर्षीही मालमत्तेत उभे दिसले, तर हिशेबनिसाने मुदत पाहिली नाही असं समजावं. नुसती शिल्लक बघून हा दोष कळत नाही. शिल्लक कोणत्या वर्षाची आहे हे लिहून काढावं लागतं.

मुदत दुसऱ्या प्रकारचीही असू शकते: पट्ट्याच्या पहिल्या तीन वर्षांतच वळती करण्याची मुभा. तसं असतं तर तिसऱ्या वर्षी 150 वळते होऊन उरलेले 850 त्याच वर्षअखेरीस बुडाले असते. मग भाडेवहीत हजार, हजार, हजार, दीड हजार आणि तेराशे अशा नोंदी दिसल्या असत्या. म्हणजे रोकडीची नुसती ओळही पट्ट्याविषयी बरंच सांगते, पण शेजारी उत्पादनाचे आकडे असले तरच.

भारतातल्या खाणपट्ट्यांवर हाच नमुना लावणाऱ्यांनी मात्र थांबून पाहावं. 1957 च्या खाणी व खनिजे कायद्यात 1972 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 9क प्रमाणे रॉयल्टी किंवा डेड रेंट, यांपैकी जी रक्कम मोठी ती भरायची असते. कमी उत्पादनाच्या वर्षी जास्त भरलेलं पुढे वळतं करण्याची तरतूद त्यात नाही. त्यामुळे शॉर्टवर्किंग खातं उघडायचं कारणच उरत नाही. जादा भरलेली रक्कम त्याच वर्षीचा खर्च असते. आपल्या आकड्यांना हा नियम लावला तर पाच वर्षांत 1,000, 1,000, 1,150, 1,500 आणि 1,300 जातील.

तिन्ही उत्तरं ताडून पाहता येतात. पाच वर्षांची एकूण रॉयल्टी 4,950 पौंड. वर्षानुसार तीन वर्षांच्या मुदतीत 5,000 भरले, बुडाले 50. पट्ट्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या मुदतीत 5,800 भरले, बुडाले 850. कलम 9क च्या नियमाने 5,950, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची सगळी हजारांची तफावत गेली. भरलेली रक्कम वजा रॉयल्टी ही बुडालेली आणि अजून शिल्लक असलेली तफावत मिळून होणाऱ्या रकमेइतकी यायला हवी. ती तशी आली नाही, तर एखादं पान गहाळ आहे किंवा संपामुळे त्या वर्षीचं किमान भाडं प्रमाणात कमी करणारं कलम पट्ट्यात होतं, आणि शोध तिथून पुढे चालू ठेवायचा.