छापील किमतीची कुळकथा

माहूरच्या किराणा दुकानात पोत्यातले पोहे अजून किलोच्या भावाने मिळतात. अ‍ॅपवर तेच पोहे पाकिटात दिसतात. वर खोडलेली एमआरपी आणि शेजारी सवलतीचा हिरवा आकडा. महिन्याचा खर्च आवरू पाहणारं घर नेमकं त्या हिरव्या आकड्याकडे बघतं, आणि तिथेच फसतं.

एमआरपी सवलत मोजण्यासाठी आलीच नव्हती. वेष्टनबंद मालाचे नियम 1977 सालचे. तेव्हा पाकिटावर किंमत छापून ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहिण्याची सोय होती, आणि करांच्या नावाखाली दुकानदार जास्तीचे पैसे घेत. 1990 मध्ये नियम बदलला: सर्व करांसहित एकच कमाल किंमत छापायची. म्हणजे ती वरची मर्यादा आहे. त्याखाली कितीलाही विका. ही मर्यादा उत्पादक स्वतः ठरवतो. ती चढी छापली की ‘तीस टक्के सूट’ आपोआप तयार होते. अ‍ॅपने ग्राहकाच्या संरक्षणासाठी आलेली रेषा जाहिरातीची पट्टी केली, हे मला फार खटकतं.

दुसरी गोष्ट वजनाची. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल, डाळी यांची पाकिटं ठरावीक वजनांतच विकावी लागत, त्यामुळे तुलना सोपी होती. 2021च्या दुरुस्तीने ते बंधन गेलं आणि त्याच्या बदल्यात पाकिटावर एकक विक्री किंमत छापण्याचा नियम आला: किलोपेक्षा कमी माल असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर दर किलोला. विचार उत्तम. पण हा आकडा रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंतच छापला जातो, आणि स्वस्त मालात सगळा फरक त्यात बुडतो.

समजा, पोह्यांचं 400 ग्रॅमचं पाकीट 29 रुपयांना आहे आणि 500 ग्रॅमचं 33 रुपयांना. ‘कमी किंमत आधी’ असं लावलं की 29 वालं वर येतं. एकक किंमत पाहिली तर दोन्हीकडे 0.07 रुपये प्रति ग्रॅम. प्रत्यक्षात पहिले पोहे 72.50 रुपये किलो पडतात, दुसरे 66 रुपये. म्हणून किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आपणच करावा.

त्यात घरपोच शुल्कही धरायला हवं. महिन्याला दोन किलो पोहे लागत असतील तर मोठ्या पाकिटाने 13 रुपये वाचतात. फक्त पोह्यांसाठी तीस रुपये शुल्क दिलं तर सतरा रुपये उलट अंगावर येतात. शुल्क माफ व्हावं म्हणून यादीत नसलेली वस्तू टाकली, तर तो खर्च वेगळाच.

सुट्या पोह्यांवर मात्र काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे अ‍ॅपवर त्यांची तुलना नसते. दुकानदाराला किलोचा भाव विचारायचा, एखादी मूठ हातात घेऊन भुसा किती, तुकडा किती ते पाहायचं, आणि तो भाव 66 शेजारी मांडायचा.