रेडिएटरमधील गाळ आणि फ्लशिंग

बॉयलरमध्ये तापवलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवून घर उबदार ठेवण्याच्या व्यवस्थेत रेडिएटरचा वरचा भाग कढत आणि तळाचा मधला भाग गार राहणे, हे आत गाळ साचल्याचे नेहमीचे लक्षण आहे. ब्रिटनमधील बहुसंख्य घरे अशाच व्यवस्थेवर तापतात. त्यामुळे हा दोष तिथे हिवाळ्याच्या तोंडावर हमखास ध्यानात येतो.

रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा किंवा वायू अडकलेला असतो आणि वरच्या कोपऱ्यातील छोटा स्क्रू सैल करून तो काढता येतो. तळ गार असेल तर या उपायाचा काही उपयोग नाही. मात्र प्रत्येक गार तळ गाळामुळेच असतो असेही नाही. पाणी उष्णता देत देत खाली उतरते, म्हणून तळ थोडा कमी तापणे स्वाभाविक आहे. तळाची पूर्ण पट्टी सारखीच कोमट आणि परतीची नळी गार असेल, तर बहुधा पाण्याचा प्रवाहच कमी असतो; अशा वेळी आधी परतीच्या टोकाचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह थोडा उघडून पाहावा. दोन्ही टोकांच्या नळ्या गरम आणि मधोमध खाली गार डाग, अशी स्थिती असेल तर मात्र गाळच समजावा.

हा गाळ बाहेरून येत नाही. तो रेडिएटरच्याच पोलादी पत्र्याचा, मुख्यतः मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडचा असतो. जड असल्यामुळे प्रवाह मंद असेल तिथे तो बसतो. थोडे पाणी बरणीत काढून बाहेरून लोहचुंबक लावला की काळे कण काचेला येऊन चिकटतात. बंदिस्त व्यवस्थेत वर्षानुवर्षे तेच पाणी फिरते, त्यातला विरघळलेला ऑक्सिजन लवकर संपतो आणि गंजणे मंदावते. म्हणून गाळ भरपूर असेल तर ऑक्सिजन कुठून तरी सतत आत येतो आहे, हे ओळखावे. बारीक गळतीमुळे वरचेवर पाणी भरावे लागणे हे त्याचे सर्वांत सामान्य कारण होय. जुन्या व्यवस्थेत पंपाच्या जोराने पाणी माळ्यावरच्या छोट्या टाकीत उसळून पडते आणि हवा घेऊन परत येते. ऑक्सिजन रोखणारा थर नसलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतूनही तो झिरपतो.

समजा, आठ रेडिएटरांच्या घरात फक्त दिवाणखान्यातला एकच असा गार आहे. मग तेवढाच उतरवून धुणे पुरेसे असते. बॉयलर बंद करून पाणी निवू द्यावे. दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करताना लॉकशील्ड किती फेरे फिरवला ते लिहून ठेवावे, म्हणजे परत तेवढाच उघडता येतो. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह थंडीत आपोआप उघडू शकतो. त्याचे डोके काढून बंद करणारे टोपण बसवावे. खाली पसरट भांडे ठेवून जोडाचा नट सैल करावा आणि वरचा स्क्रू उघडावा, तेव्हाच पाणी नीट उतरते. ते शाईसारखे काळे असते आणि गालिच्यावरचा डाग जात नाही. रेडिएटर उचलताना उघडी तोंडे वर राहतील असा धरावा. अंगणात नेऊन दोन्ही तोंडांतून आळीपाळीने पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि रबरी हातोडीने पत्र्यावर ठोकावे. पाणी नितळ आले की तो जागी बसवून व्हॉल्व्ह उघडावेत, हवा काढावी आणि बंद व्यवस्थेत दाब थंड असताना १ ते १.५ बारवर आणावा. गंजरोधक इनहिबिटर पुन्हा घालणे विसरू नये.

बरेच रेडिएटर गार असतील, बॉयलर खडखडत असेल, तर पूर्ण व्यवस्थेचे पॉवरफ्लश करतात. बाहेरचा पंप जोडून, दाब कमी पण प्रवाह मोठा ठेवून, गाळ सोडवणारे रसायन फिरवले जाते. एकेक रेडिएटर स्वतंत्रपणे, प्रवाहाची दिशा उलटवत धुतला जातो आणि चुंबकावर कण गोळा होतात. ८ किंवा १० मिलिमीटरच्या बारीक नळ्या पूर्ण तुंबल्या असतील तर हा उपाय हमखास यश देत नाही. गंजून पातळ झालेला पत्राही गाळ निघाल्यावर गळू लागू शकतो. अशा वेळी रेडिएटर बदलणेच शहाणपणाचे.

बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत व्यवस्था स्वच्छ करणे, इनहिबिटर घालणे, गाळणी बसवणे आणि दरवर्षी पाणी तपासणे सांगितले आहे. दाबाचा काटा वारंवार उतरत असेल तर फ्लशिंगवर पैसे घालण्यापूर्वी गळती शोधावी. ती राहिली तर गाळ पुन्हा साचतो.

इंग्लंडमध्ये अल्प मुदतीच्या भाड्याच्या घरातील तापन-व्यवस्था चालू स्थितीत ठेवणे ही १९८५ च्या कायद्यानुसार घरमालकाची जबाबदारी आहे. तिथे भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणि विद्यार्थ्यांनी रेडिएटर स्वतः उतरवू नये. गार डागाचा फोटो काढून मालकाला लेखी कळवावे.