दहा हजारांचा आकडा

2023 च्या मे महिन्यात तिवसा तालुक्यातल्या कितीतरी घरांत माणसं ओसरीत झोपत होती, कारण आतल्या खोलीत कापूस होता. मोझरी, कुऱ्हा, कौंडण्यपूर, वर्धा नदीच्या काठाकाठानं कुठेही जा, पांढऱ्या ढिगाला टेकून संसार चाललेला. अंगाला खाज सुटते, पोरांना पुरळ येतं, उंदीर होतात, विडीच्या ठिणगीची धास्ती वेगळीच. तरी विचारलं की उत्तर एकच: "दहाच्या खाली नाही द्याचा."

दहा म्हणजे क्विंटलला दहा हजार. त्या दिवसांत बाजारात सात हजारांच्या आसपास भाव होता. खर्च काढून दहा हजार आला म्हणावं, तर उत्पादनखर्चाचा हिशेब कोणी मांडलेला नव्हता. सरकारी हमीभाव लांब धाग्याला 6,380 होता. मग हा दहाचा आकडा आला कुठून? त्याचा माग काढत गेलं तर तो आधीच्या हंगामात सापडतो, आणि त्याची वंशावळ तिथून दीडशे वर्षं मागे जाते.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या हाती येऊन आठच वर्षं झाली होती. मुंबईत रुईचे भाव काही पटींनी चढले, आणि आलेला पैसा शेअरांत गेला. समुद्र बुजवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोचला. एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण गेला. युद्ध संपलं, म्हणजे अमेरिकन कापूस परत येणार, हे कोणालाही दिसत होतं. तरी लोकांनी शेअर धरून ठेवले, कारण कालचा भाव डोळ्यांपुढे होता. 1 जुलै 1865 ला वायद्यांची मुदत भरली आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. शेअरांच्या तारणावर कर्ज वाटत बसलेली बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली.

इतिहासात ही गोष्ट हावरटपणाची म्हणून सांगितली जाते. चढतीच्या काळापुरतं ते खरंही आहे. उतरतीच्या काळात मात्र माणसाला धरून ठेवते ती हाव नव्हे. पन्नासाचे चाळीस झाले हे कबूल करण्याचं दुखणं त्याला धरून ठेवतं.

पुढची पायरी वऱ्हाडातली आहे. कारंजा इथं 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. खुला लिलाव, तपासलेला काटा, सर्वांसमोर पुकारलेला भाव. हे शेतकऱ्याच्या भल्याचंच होतं, त्यात शंका नाही. पण त्याचा एक उपपरिणाम झाला असं मला वाटतं. सावकाराच्या ओट्यावर ठरणारा भाव ज्याचा त्याला ठाऊक असे. बाजारात पुकारलेला भाव सगळ्या पंचक्रोशीचा झाला. शेजाऱ्याला काय मिळालं हे कळू लागलं, आणि आपल्याला किती कमी मिळालं हे मोजण्याची पट्टी हाती आली.

1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी आली. कापूस पणन महासंघालाच द्यायचा, भाव सरकार ठरवणार, चुकारा हप्त्यांनी. बाहेर भाव जास्त असला की गाड्या रातोरात मध्य प्रदेशाच्या हद्दीत जात. योजनेत तोटा साचत गेला आणि 2002 च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं एवढंच की त्या तीस वर्षांत 'कधी विकू' हा प्रश्न शेतकऱ्यापुढे फारसा नव्हता. तो नंतर आला, आणि लवकरच त्याची परीक्षा झाली. मार्च 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला, अमेरिकन यादवीनंतर प्रथमच असा भाव दिसल्याचं बोललं गेलं. इकडे क्विंटलला सहा-सात हजार मिळाले. पुढच्याच हंगामात भाव चार हजारांच्या आसपास आला, हमीभाव 3,300 होता, आणि विदर्भातल्या आंदोलनांची मागणी होती सहा हजारांची. गेल्या वर्षीचा शिखरभाव यंदाचा हक्काचा भाव होतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता या वागण्याला शास्त्रात जागा कशी मिळाली ते पाहू. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक निबंध छापला. त्यात लोकांना विचारलेला प्रश्न साधा होता: 3,000 नक्की घ्याल, की 4,000 मिळण्याची शंभरात ऐंशी शक्यता? शंभरातल्या ऐंशी जणांनी नक्की रक्कम घेतली. मग तोच प्रश्न तोट्याच्या बाजूनं विचारला: 3,000 नक्की गमवाल, की 4,000 गमावण्याची शंभरात ऐंशी शक्यता पत्कराल? आता 92 टक्के लोकांनी जुगार निवडला. नफ्यात माणूस सावध असतो, तोट्यात धाडसी होतो. पुढे 1992 मध्ये त्यांनी अंदाज बांधला की गमावण्याचं दुःख तेवढंच कमावण्याच्या सुखाच्या सव्वादोन पट असतं. या आकड्यावर नंतर वाद झाले, आणि तो प्रत्येकाला सारखा लागू नाही हे खरं. दिशा मात्र टिकून राहिली.

त्या निबंधातला माझ्या मते सर्वांत कामाचा मुद्दा वेगळाच आहे. नफा आणि तोटा हे खिशातल्या पैशावरून ठरत नाहीत, मनात खुंटी कुठे ठोकली आहे त्यावरून ठरतात.

तिवस्याच्या ढिगाला हे लावून पाहू. समजा एकाकडे वीस क्विंटल कापूस आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये खेडा खरेदीवाला दारात येऊन नऊ हजार देतो. खुंटी हमीभावावर, म्हणजे 6,380 वर असेल, तर क्विंटलमागे 2,620 रुपयांचा नफा समोर उभा आहे. नफ्यातला माणूस सावध असतो. तो विकून मोकळा होईल. पण 2021-22 मध्ये भाव दहा हजारांवर गेला होता, उन्हाळ्यात काही बाजारांत बारा हजारांच्याही पुढे. खुंटी तिथे ठोकलेली. म्हणजे तेच नऊ हजार आता क्विंटलला एक हजाराचा, ढिगाला वीस हजारांचा नक्की तोटा झाले. तोट्यातला माणूस जुगार निवडतो. तो कापूस आत टाकतो.

मेअखेर भाव सात हजार. आणि ढीग वीस क्विंटलचाही राहिलेला नसतो. हिवाळ्यात बारा टक्के ओलावा असलेला कापूस उन्हाळ्यात आठ टक्क्यांवर आला, तर वीस क्विंटलचे सव्वाएकोणीसच्याही आत येतात. एकोणीस धरून चाललं तर हाती 1,33,000. नोव्हेंबरात 1,80,000 मिळत होते. सत्तेचाळीस हजार गेले. वेचाई किलोला दहा रुपयांनी धरली, तर साऱ्या ढिगाच्या वेचणीला जितके लागले त्याच्या दुपटीहून जास्त. पीककर्ज मार्चअखेरपर्यंत फेडलं नाही म्हणून व्याजसवलत गेली असेल तर ती वेगळी. खोलीत पिवळट पडलेल्या कापसाला व्यापारी आणखी पाडून मागतो, तेही वेगळं.

यात शेतकऱ्याला वेडा ठरवणाऱ्यांची मला चीड येते. 2021 च्या दिवाळीत ज्यांनी सात-आठ हजारांत विकलं ते वर्षभर हळहळले आणि ज्यांनी ठेवला ते जिंकले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ठेवणं हा शिकलेला धडा होता. चूक झाली ती दुसऱ्याच ठिकाणी. मे 2022 मध्ये न्यूयॉर्कला पौंडाला दीड डॉलर होता. ऑक्टोबरअखेर तो त्याच्या निम्म्यावर आला होता. म्हणजे वऱ्हाडात पहिली वेचणी घरी येण्याआधीच जगाचा भाव पडलेला होता. इथं नऊ हजार मिळत होते, याचं एक कारण असं की सगळ्यांनीच माल अडवून धरला होता आणि जिनिंगवाल्यांना सरकी-रुईसाठी कापूस मिळत नव्हता. ठेवणारेच भाव धरून होते. मार्चनंतर पेरणीचा पैसा लागला, सगळ्यांचे ढीग एकदम निघाले, आणि तो आधार गेला.

खुंटी सरकते, पण नेहमी एक पायरी मागून. नऊ हजार मिळत होते तेव्हा दहा हवे होते. आठ झाले तेव्हा, जे नाकारले होते ते नऊ हवे झाले. साडेसातला आठ. बाजाराचा अंदाज घेऊन माल ठेवणारा आणि तोट्याच्या भीतीनं ठेवणारा यांतला फरक इथं ओळखू येतो. पहिल्याकडे तारीख असते आणि ठेवण्याचं कारण असतं. कारण मोडलं की तो विकतो. दुसऱ्याकडे फक्त आकडा असतो.

शेअरवाल्यांनी यावर हसू नये. टेरन्स ओडीननं अमेरिकेतल्या दहा हजार दलाली खात्यांचे व्यवहार तपासून 1998 मध्ये दाखवलं की लोक नफ्यातले शेअर 14.8 टक्के प्रमाणात विकतात आणि तोट्यातले 9.8 टक्के. आणि विकलेले शेअर पुढे ठेवलेल्यांपेक्षा सरस निघाले. आपल्याकडे पडलेला शेअर 'लाँग टर्म'साठी आहे असं म्हणतात, तो तिवस्यातल्या खोलीतला ढीगच. फक्त खाज सुटत नाही.

वऱ्हाडात या रोगाची आणखी एक शाखा आहे, ती म्हणजे फरदड. हंगाम संपला, पऱ्हाटीवर इतका खर्च झालाय, आणखी एक पाणी देऊन पाहू, निघाला खर्च तर निघाला. त्या उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पोसली जाते, आणि घरातल्या साठवलेल्या कापसातूनही तिचे पतंग पुढच्या पेरणीच्या सुमारास बाहेर पडतात. 2017 मध्ये विदर्भानं तिचा तडाखा खाल्ला आहे. गेलेला खर्च काढायला जाऊन पुढच्या पिकाचं नुकसान ओढवतं, आणि ते एकट्याच्या शेतात थांबत नाही.

म्हणून ढिगाच्या धन्याला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. या खोलीत कापसाऐवजी आजच्या भावानं त्याचे रोख पैसे पडले असते, तर तुम्ही ते घेऊन बाजारात जाऊन हाच कापूस विकत आणला असता का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल ठेवा, निदान अर्धा तरी. 'नाही' असेल तर उद्या सकाळी काट्यावर न्या, आणि पुढच्या वर्षीचा विकायचा महिना पहिल्या वेचणीच्या आधी, बायकोपोरांसमोर ठरवून टाका.