एस्प्रेसो टॉनिक बोचरे का लागते?

उंच ग्लासात बर्फ, त्यावर फसफसणारे टॉनिक वॉटर आणि सर्वांत वर तरंगणारा कॉफीचा गडद थर. मुंबई-पुण्यातील कॉफीगृहांत उन्हाळ्यात मिळणारे हे पेय आता घरोघरी करून पाहिले जाते. दिसायला ते देखणे आणि कृतीला सोपे आहे. मात्र घरी केलेल्या ग्लासाचा पहिलाच घोट अनेकदा इतका कडू आणि बोचरा निघतो की उरलेले पेय मोरीत ओतले जाते. दोष बहुधा यंत्राकडे किंवा महागड्या बाटलीकडे दिला जातो. प्रत्यक्षात कडवटपणा कोठून आला हे ओळखता आले, तर साध्या मोका पॉटवरही हे पेय उत्तम जमते.

एस्प्रेसो टॉनिकच्या जन्माशी स्वीडनमधील हेलसिंगबोर्ग शहरातील 'कोप्पी' या कॉफीगृहाचे नाव जोडले जाते. तेथे २००७ पासून हे पेय दिले जाऊ लागले आणि पुढे ते जगभर पसरले. कॉफी आणि वायुयुक्त पाणी यांची जोडी मात्र त्याहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील 'मॅनहटन स्पेशल' हा कॉफी सोडा १८९५ पासून विकला जात आहे. याउलट स्टारबक्स आणि पेप्सी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास संयुक्तपणे आणलेले 'माझाग्रान' हे वायुयुक्त कॉफीपेय ग्राहकांनी नाकारले. तेव्हा ही जोडी आपोआप जमणारी नाही.

तीन दिशांनी येणारी बोच

टॉनिक वॉटरला चव येते ती क्विनाइनमुळे. सिंकोना झाडाच्या सालीतील हे द्रव्य एके काळी हिवतापावरचे औषध होते. लंडनमध्ये इरॅस्मस बाँड याने १८५८ मध्ये वायुयुक्त टॉनिकचे पेटंट घेतले. आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन औषधाच्या मात्रेच्या तुलनेत फारच कमी असते. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा लिटरमागे सुमारे ८३ मिलिग्रॅम आहे. (क्विनाइनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र हे पेय टाळावे.) एवढे अल्प प्रमाणही जिभेला स्पष्ट कडू लागते आणि तो कडवटपणा झाकण्यासाठी टॉनिकमध्ये साखर व सायट्रिक आम्ल घातलेले असते.

दुसरी कडू बाजू कॉफीची. कॉफीचा कडवटपणा म्हणजे कॅफिन, असा सर्वसाधारण समज आहे. पण कॅफिनचा वाटा लहान असतो. म्युनिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील टॉमस होफमान यांच्या गटाने २००७ मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार, हलक्या आणि मध्यम भाजणीच्या कॉफीत कडवटपणा मुख्यत्वे क्लोरोजेनिक आम्लापासून बनणाऱ्या लॅक्टोन द्रव्यांमुळे येतो. भाजणी पुढे नेली की ही द्रव्ये मोडून फिनाइलइंडेन तयार होतात आणि त्यांची चव अधिक उग्र, रेंगाळणारी असते. म्हणूनच दुधात छान लागणारी काळपट भाजणीची कॉफी टॉनिकमध्ये असह्य होते. दूध त्या कडवटपणाला मऊ करते, क्विनाइन मात्र त्यात भर घालते.

तिसरी बाजू बुडबुड्यांची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कार्बन डायऑक्साइड जिभेवर पोचला की तेथील एका विकरामुळे त्याचे आम्ल बनते आणि जीभ ते आंबट म्हणून ओळखते. 'सायन्स' या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही यंत्रणा स्पष्ट केली. म्हणजे सोड्याचा झिणझिणीतपणा हा केवळ बुडबुडे फुटण्याचा परिणाम नव्हे. त्यात आम्लाचा वाटा मोठा आहे. कॉफी मुळात आंबटसर, टॉनिकमधील सायट्रिक आम्ल त्याहून तीव्र, त्यात वायूचे आम्ल. यावर हौसेने लिंबू पिळले की मग विचारायलाच नको.

प्रमाण

कॉफीगृहात १८ ग्रॅम कॉफी पुडीपासून सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढली जाते आणि तिला १४० ते १५० मिलिलिटर टॉनिक दिले जाते. थोडक्यात, एक भाग कॉफीस चार भाग टॉनिक. तीन भागांच्या खाली गेल्यास दोन्ही कडवट चवी एकमेकींवर चढतात. पाच भागांच्या वर कॉफी नावापुरती उरते. एस्प्रेसो शक्यतो वजनावर मोजावी, कारण तिच्यावरचा फेस आकारमानात फसवतो.

मोका पॉटची कॉफी एस्प्रेसोपेक्षा पातळ असल्याने तिच्यासाठी ४० मिलिलिटरला १२० ते १४० मिलिलिटर टॉनिक पुरते. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टरमधील पहिल्या दाट डिकॉक्शनलाही हेच प्रमाण चालते. मात्र पुडीत चिकोरी नसावी. चिकोरीचा जळकट कडवटपणा आणि दाटपणा दुधासाठी योग्य आहे, टॉनिकमध्ये तो गढूळ लागतो.

ग्लासात मोठे बर्फाचे खडे भरावेत, त्यावर फ्रीजमध्ये पूर्ण थंड केलेले टॉनिक कडेने ओतावे आणि फेस खाली बसू द्यावा. कॉफी सर्वांत शेवटी, चमच्याच्या पाठीवरून बारीक धारेने सोडावी. हा क्रम उलटा केल्यास पेय उतू जाते, कारण कॉफीतील सूक्ष्म कण आणि फेस वायूला बाहेर पडण्यास जागोजागी आधार देतात. ताज्या भाजलेल्या कॉफीत स्वतःचाही वायू असल्याने ती अधिक फसफसते. कॉफीची वाटी मिनिटभर बर्फाच्या पाण्यात धरली तर टॉनिकमधील वायू टिकतो आणि बर्फही कमी वितळतो. एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस चमच्याने काढून टाकावा; तो दिसतो सुंदर, पण चवीला कडूच असतो. छायाचित्र काढून झाल्यावर पेय एकदा हलकेच ढवळावे. न ढवळता प्यायल्यास पहिल्या घोटात वरची निव्वळ कॉफीच तोंडात येते.

एकच कॉफी, तीन ग्लास

एवढे सांभाळूनही पेय बोचत असेल, तर दोषी कोण हे शोधण्याची एक सोपी कसोटी आहे. तीन कपांच्या मोका पॉटमध्ये सुमारे १५ ग्रॅम पूड आणि १५० मिलिलिटर पाणी घेतल्यास अंदाजे १२० मिलिलिटर कॉफी निघते. ती गार करून तीन ग्लासांत ४०-४० मिलिलिटर वाटावी आणि प्रत्येकात सारखाच बर्फ घालावा. पहिल्या ग्लासात १४० मिलिलिटर थंड साधे पाणी, दुसऱ्यात तेवढाच सोडा आणि तिसऱ्यात तेवढेच टॉनिक घालून त्याच क्रमाने चव घ्यावी.

पहिलाच ग्लास कडू लागला, तर टॉनिकचा काही संबंध नाही. कॉफी चुकली आहे. येथे चव नीट ओळखावी लागते. आंबटपणा तोंडात घेताच जाणवतो आणि लवकर ओसरतो. कडवटपणा उशिरा येतो व घोट गिळल्यावर घशाशी रेंगाळतो. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटल्यासारखी वाटली, तर तो तुरटपणा होय. पिठासारखे बारीक दळण किंवा कॉफीतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मोका पॉटमध्ये शेवटी खरखर आवाज करत जी फिकट, वाफाळ धार येते, तिच्यातून कडवट आणि तुरट दोन्ही उतरते. त्यामुळे आवाज सुरू होताच भांडे आचेवरून काढावे आणि बूड थंड पाण्याखाली धरावे. खालच्या भांड्यात सुरुवातीलाच गरम पाणी घेतले तर पूड आचेवर कमी वेळ तापते. दळण रव्याहून थोडे बारीक असावे.

पाण्याचा ग्लास कडू नसून नुसताच आंबट निघाला, तर भाजणी फार फिकट आहे किंवा अर्क अपुरा उतरला आहे. अशी कॉफी टॉनिकच्या सायट्रिक आम्लाशी मिळून जवळजवळ व्हिनेगरसारखी लागते. या पेयाला हलकी-मध्यम भाजणी सर्वांत मानवते. चिकमगळूर परिसरातील धुऊन प्रक्रिया केलेली अरेबिका त्यासाठी सहज मिळते. रोबस्टा मिसळलेली पूड टाळलेली बरी.

पहिला ग्लास चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर सोड्याची बाटली वाचावी. काही सोड्यांत सोडियम बायकार्बोनेट असते. ते कॉफीतील आम्ल मारते आणि पेय सपक, किंचित खारट होते. अशा वेळी केवळ पाणी व वायू असलेला सोडा घ्यावा.

पहिले दोन ग्लास ठीक आणि तिसराच बोचरा, असे असल्यास क्विनाइनचा भाग जड झाला आहे. त्यावर ७० मिलिलिटर टॉनिक आणि ७० मिलिलिटर सोडा असा अर्धा-अर्धा मेळ घालावा आणि कमी झालेल्या गोडीसाठी एक छोटा चमचा साखरेचा पाक कॉफीत आधीच मिसळावा. टॉनिक 'शुगर फ्री' आहे का, हेही पाहावे. सर्वसाधारण टॉनिकमध्ये १०० मिलिलिटरला ८-९ ग्रॅम साखर असू शकते. ती जाऊन कृत्रिम गोडी आली की, त्या गोडीची मागून येणारी चव क्विनाइनच्या कडवटपणाला आणखी लांबवते. चिमटीच्या टोकावर मावेल एवढे मीठ कडवटपणा दाबते. पण ते कॉफीत विरघळवावे. टॉनिकमध्ये टाकल्यास ग्लास फसफसून वायू निघून जातो. लिंबाऐवजी संत्र्याची साल ग्लासावर पिळावी. तिच्या तेलाचा सुगंध मिळतो, आम्लाची भर पडत नाही.

टॉनिक नको असेल तर

क्विनाइनची चवच आवडत नसेल, तर ४० मिलिलिटर कॉफी, १४० मिलिलिटर सोडा आणि समभाग साखर-पाण्याचा २० मिलिलिटर पाक घेऊन कॉफी सोडा करता येतो. एवढ्या पाकात साधारण १२ ग्रॅम साखर असते, म्हणजे तितक्याच टॉनिकमध्ये असते तेवढी. साखर पूर्ण वगळल्यास वायूचे आम्ल आणि कॉफीचे आम्ल उघडे पडतात.

कोल्ड ब्रू ही सर्वांत कमी धोक्याची वाट आहे. १०० ग्रॅम जाडसर पूड ५०० मिलिलिटर पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये १४ तास ठेवावी आणि गाळून घ्यावी. या अर्काच्या ५० मिलिलिटरला १५० मिलिलिटर टॉनिक किंवा जिंजर एल पुरते. थंड पाण्यात आम्ल आणि कडू द्रव्ये कमी उतरतात, एस्प्रेसोसारखा फेस नसल्याने पेय उतू जात नाही आणि गार करण्याचाही प्रश्न येत नाही. सुगंध मात्र गरम काढलेल्या कॉफीपेक्षा मंद राहतो.

घरच्या सोडा यंत्रात थेट कॉफी भरून वायू सोडण्याचा मोह टाळावा. ही यंत्रे साध्या पाण्यासाठी असतात. कॉफी झपाट्याने फेसाळून नळीत शिरते आणि बाटली उघडताना ओट्यावर पसरते. पाण्यात वायू भरून कॉफी नंतर मिसळावी.